मुलांच्या खात्याला नाव देताना

तुमच्या बँकेत मुलांसाठी बचत खातं पहिल्यांदाच सुरू करताय ना, मग आधी त्याचं नाव ठरवा, चित्र नंतर. आमच्या बँकेत उलटं झालं, खारीचं गोड चित्र आधी तयार झालं आणि मग घाईत नाव ठेवलं 'खारू बचत'. मराठीत खार बरोबर आहे हो, पण गोव्यात कोंकणीत 'खारें' म्हटलं की डोळ्यासमोर सुकी मासळी येते, काउंटरवर पोरं हसायला लागली. शेवटी 'चानी बचत' केलं, कारण इथे खारीला चानीच म्हणतात. त्यातही फोनवर लोकांना 'चांदी' ऐकू यायचं, म्हणून स्टाफला सांगितलं की नुसतं चानी म्हणू नका, पूर्ण 'चानी बचत खातं' म्हणा. म्हणजे नाव कागदावर बघून पास करू नका, फोनवर बोलून बघा आणि दोन-चार मुलांकडून म्हणून घ्या.

बाकी सुरुवातीच्या चुका दोनच:

- 'छोटू', 'बाळ' असलं नाव. १० वर्षांपुढची मुलं स्वतः खातं चालवू शकतात, तसं करायचं की नाही ते बँकेने ठरवायचं, पण चौदा वर्षांचा मुलगा 'बाळ' लिहिलेलं पासबुक मित्रांसमोर काढणार नाही.
- खूप रंगांचं चित्र. पासबुकावरच्या शिक्क्यात आमच्या चानीच्या पाठीवरचे पट्टे एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसायचा. एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढं छापून बघा, शेपटी ओळखू आली तर ठीक.

घोषवाक्य, बक्षिसं वगैरे आत्ता राहू दे, आधी नाव पक्कं करा.