‘ताई, सही करू का?’ असे अनोळखी माणसाने विचारले तर

*‘मी सांगली जिल्ह्यात दिवाणी वकिली करते. एका महिला मंडळात मुलींच्या जमिनीवरील हक्काबद्दल बोलले आणि तेव्हापासून माझा नंबर फिरतो आहे. अनोळखी बायका हक्कसोडपत्राचे फोटो पाठवतात आणि विचारतात, “ताई, सही करू का?” फी सांगितली की दुखावतात. परवा एकीने “तुम्हाला माणुसकी नाही” असे लिहिले. राहवत नाही म्हणून रात्री बसून उत्तरे देते. नाही कसे म्हणू?’ — एक वाचक, सांगली*

प्रिय वाचक,

नकार द्यायचा तो आपला वेळ वाचवण्यासाठी, अशी तुमची समजूत दिसते आणि म्हणूनच तुम्हाला अपराधी वाटते. मीही अनेक वर्षे दिवाणी काम केले आहे. माझ्या मते नकाराचे खरे कारण वेगळे आहे: त्या प्रश्नाचे बरोबर उत्तर फोटोवरून देताच येत नाही, आणि चुकीच्या उत्तराची किंमत तुम्ही नव्हे, तर ती बाई मोजते.

तुमच्याकडे येणारा नेहमीचा प्रश्न घ्या. वडील वारले आहेत, भाऊ म्हणतो की सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची आहेत आणि त्यासाठी बहिणीची सही हवी. फोटोत कागदाचे पहिले पान आहे. तुम्हाला लगेच जाणवते की वारस नोंदीसाठी हक्कसोडपत्र लागत नाही, तेव्हा येथे काहीतरी गडबड आहे, आणि बोट ‘सही करू नका’ असे लिहायला निघते. पण जमीन वडिलांनी स्वतः खरेदी केलेली होती की वडिलोपार्जित, मृत्युपत्र आहे का, आईसह वारस किती, पूर्वी वाटप होऊन फेरफार झाला आहे का, आणि तिसऱ्या पानावर भावाने या हक्काच्या बदल्यात तिला घर किंवा रक्कम देण्याचे कबूल केले आहे का, यांपैकी एकही गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. ‘सही करा’ म्हणालात आणि कागद नोंदणीकृत झाला, तर तो तिच्या एकटीच्या मर्जीने रद्द होत नाही, दिवाणी न्यायालयात जावे लागते. ‘करू नका’ म्हणालात, तर तिच्या सोयीची तडजोड मोडण्याचीही शक्यता असते. दोन्ही वेळा घरात वाक्य एकच फिरते, ‘वकीलबाईंनी सांगितले’, आणि बहुधा तुमच्या निरोपाच्या स्क्रीनशॉटसह.

म्हणून पहिल्याच निरोपात, मधाळ प्रस्तावना न करता, पुढील मजकूर पाठवावा. तो फोनमध्ये जपून ठेवा, म्हणजे रात्री अकरा वाजता नव्याने शब्द शोधावे लागणार नाहीत.

‘नमस्कार. आपला निरोप मिळाला. सर्व कागद समोर असल्याशिवाय सहीबद्दल मी मत देत नाही आणि फोनवर कागद पाहत नाही. भेट मंगळवारी व शुक्रवारी सायंकाळी ५ ते ७ या वेळेत होते, फी अमुक रुपये. येणार असाल तर आता हकीकत न लिहिता फक्त गावाचे नाव आणि संबंधित सर्व व्यक्तींची नावे कळवा. फी परवडत नसेल तर आपल्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. तेथे महिलांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. एक सर्वांना लागू असलेली गोष्ट: कागद पूर्ण वाचून समजल्याशिवाय त्यावर सही करू नये.’

नावे आधी मागण्याचे कारण तुम्हाला सांगायला नको, तरी रात्रीच्या घाईत ते विसरले जाते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे एका बाजूला सल्ला दिलेल्या वकिलाला त्याच वादात दुसऱ्या बाजूचे काम घेता येत नाही. बहिणीने सगळी हकीकत व्हॉट्सॲपवर ओतली, तुम्ही दोन ओळींचे उत्तर दिले आणि पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ रीतसर अशील म्हणून दारात आला, तर फुकट दिलेल्या त्या दोन ओळींमुळे तुम्हाला त्याला परत पाठवावे लागेल. कधी कधी विरुद्ध बाजूच अशा रीतीने चौकशी करून जाते, हेही लक्षात असू द्या.

मोफत मदतीचे वाक्य केवळ सौजन्यापोटी घातलेले नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न पाहता विधी साहाय्य मिळू शकते. त्यामुळे तुम्हाला लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईसाठी दुसरे दार खरोखर उघडे आहे, आणि ते दाखवल्यावर ‘माणुसकी नाही’ हा आरोप उरत नाही. फुकट काम करण्याची तुमची ओढ प्रामाणिक असेल, आणि ती आहे असे पत्रावरून वाटते, तर प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव देण्याचा विचार करा. तेथे पूर्ण कागद पाहायला मिळतात, मानधन प्राधिकरण देते आणि अशिलाकडून काही घ्यायचे नसते.

काही जणी यावरही थांबणार नाहीत. ‘ताई, एवढंच सांगा, हो की नाही?’ असा दुसरा निरोप येईल. त्याला नवी कारणे देऊ नका, कारण प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. ‘आपली अडचण समजते, पण कागद न पाहता मी हो किंवा नाही म्हणणार नाही. वेळ हवी असल्यास कळवा’ इतकेच लिहा. तिसऱ्या निरोपाला उत्तर देऊ नये, आणि त्यात उद्धटपणाही नाही. परवाच्या बाईंना प्राधिकरणाचा पत्ता आणि हेल्पलाइन क्रमांक तेवढा पाठवा, माफी मागू नका.

एक अपवाद मात्र मी नेहमी करीत आले. निरोपासोबत न्यायालयाचे समन्स किंवा तलाठ्याकडील फेरफाराची नोटीस असेल, तर ‘या कागदाला मुदत आहे, ती संपण्यापूर्वी कोणत्याही वकिलाला प्रत्यक्ष भेटा’ असे त्याच दिवशी कळवा. समन्स बजावल्यापासून कैफियत देण्यास साधारण ३० दिवस आणि फेरफारावर हरकत नोंदवण्यास १५ दिवस असतात. तुमच्या पुढच्या मोकळ्या मंगळवारपर्यंत ते निघून जाऊ शकतात. हरकत कशी घ्यावी हे मात्र निरोपात लिहू नका.

राहिली आजवर रात्री दिलेली उत्तरे. ती पुसून टाकू नका. ज्यांना तुम्ही सहीबद्दल हो किंवा नाही म्हणालात, त्यांचे निरोप शोधून काढा आणि प्रत्येकीला लिहा की तुमचे म्हणणे फक्त पाठवलेल्या पानापुरते होते, उरलेले कागद पाहिले नव्हते, तेव्हा नोंदणीपूर्वी संपूर्ण कागद कोणत्याही वकिलाला दाखवावा. ज्यांचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवण्याचा दिवस जवळ आला असेल, त्यांना आधी लिहा.