सव्वा महिन्याच्या बाळाला डासांपासून जपताना: आधी जाळी, मग बाकी सगळं

प्रश्न: आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. बाळ सव्वा महिन्याचं आहे. मच्छरदाणी लावूनसुद्धा सकाळी पायावर लाल चट्टे दिसतात. लिक्विडचं मशीन लावू की क्रीम लावू? आणि प्रॅममधून बाहेर नेताना काय करायचं?

उत्तर:

क्रीम, रोल-ऑन, स्प्रे यातलं काहीही आत्ता लावू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या त्वचेवर कुठलंच रिपेलंट लावत नाहीत, 'नॅचरल' लिहिलेलंसुद्धा नाही. या वयात खरं संरक्षण जाळीचंच. त्यामुळे जाळी असूनही डास का चावतोय, ते आधी शोधू. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, राहते ऐरोलीला, आणि ही तक्रार पावसाळ्यात सारखी ऐकते.

चट्टे कुठे आहेत ते नीट बघा. एकाच पायावर, एकाच कोपरावर, म्हणजे एकाच बाजूला असतील तर बाळाचं अंग तिथे जाळीला टेकतंय. डास बाहेर बसून जाळीतून सोंड घालतो, आत यायची त्याला गरजच पडत नाही. कपाळ, गाल, हात असे कुठेही असतील तर डास आत अडकलाय. आणि मानेच्या वळ्यांत, पाठीवर बारीक पुरळाचे पुंजके असतील तर ते बहुतेक घामोळं आहे. डासाचा चावा सुटा असतो, फुगलेला, आणि जवळून पाहिलं तर मध्ये एक ठिपका दिसतो.

आमच्या सोसायटीतल्या एका बाळाचं उदाहरण सांगते. लाकडी पाळणा, वर छताच्या हुकाला अडकवलेली एका टोकाची जाळी. अशी जाळी वरून तंबूसारखी उतरते, म्हणजे कडांना आत झुकते. बाळाची पावलं पाळण्याच्या टोकाला, जाळीला चिकटलेली. रोज सकाळी डाव्या पावलावर दोन-तीन चट्टे, बाकी अंग स्वच्छ. घरचे समजत होते जाळी फाटलीय. शिवाय जाळी छताला आणि पाळणा हलता, त्यामुळे प्रत्येक झोक्याला खालची कड वर सरकायची. मग जाळी हुकावरून काढून पाळण्याच्याच दांडीला बांधली, म्हणजे ती पाळण्याबरोबर हलते. दांडीवर पाळण्यापेक्षा रुंद अशी प्लॅस्टिकची रिंग अडकवली आणि जाळी तिच्यावरून सरळ खाली सोडली. बाळ आणि जाळी यांच्यात चारी बाजूंनी निदान चार बोटं अंतर राहिलं. खालची कड पाळण्याच्या गादीखाली खोचली. पावलांवरचे चट्टे थांबले.

तुमच्याकडे क्रिब असेल तर जाळी कठड्याच्या बाहेरून ताणून घ्या. सैल लोंबणारं कापड किंवा लांब नाडी बाळाच्या हाताशी येता कामा नये, ती गळ्याला अडकण्याची भीती असते. घडीची छत्री-मच्छरदाणी तुमच्या बाळाला आत्ता चालेल, पण ती बाळापेक्षा पुरेशी मोठी हवी. साधारण चौथ्या महिन्यात बाळ कुशीवर वळायला लागलं की ती बंद करा. बाळ वळून तिच्या कडेला जातं, जाळी ओढतं आणि तिच्यासकट सरकतं.

नवी जाळी घेताना पट्टी लावून एका इंचात किती भोकं आहेत ते मोजा. बारा-तेरा तरी हवीत. त्याहून विरळ जाळी दिसायला छान असते, पण बारीक डास सहज आत येतो. बाळाला ठेवण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून जाळीचे आतले कोपरे आणि चुण्या बघून घ्या, डास तिथेच दबून बसतात. मग खालच्या कडेवरून हात फिरवा. जिथे बोट आत जातं, तिथून डासही जातो.

आणि जाळी दिवसाही हवी. डेंग्यूचा डास, काळा आणि पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावतो. सूर्य उगवल्यानंतरचे एक-दोन तास आणि मावळण्याआधीची वेळ ही त्याची खास. आपल्याकडे सकाळी मच्छरदाणी गुंडाळून वर टाकायची सवय असते, आणि बाळाची अंघोळीनंतरची झोप नेमकी त्याच वेळची. मलेरियाचे आणि गटारातले डास रात्रीचे. घोडबंदरला इतकी बांधकामं आहेत की साचलेल्या स्वच्छ पाण्यात शहरी मलेरियाचा डासही वाढतो. घरात कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आणि एसीचं पाणी जमा होणारी बादली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

प्रॅमला इलॅस्टिकची जाळी घ्या, पण ती हुडावरून पायांच्या टोकापर्यंत आणि सीटच्या खालपर्यंत जाते का ते बघून. हुडाचा मागचा सांधा आणि पट्ट्यांच्या फटी या दोन जागा नेहमी उघड्या राहतात. ओढणी किंवा दुपटं टाकून प्रॅम झाकू नका. आत हवा खेळत नाही आणि आपल्या दमट उकाड्यात बाळ लवकर तापतं. उपवन तलावाशी किंवा बागेत न्यायचं तर संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ टाळता आली तर बरं, आणि पायमोज्यांसकट फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला.

दोन महिन्यांनंतर बाहेर जाताना गरज पडली तर डीट किंवा पिकारिडिन असलेलं रिपेलंट डॉक्टरांना विचारून चालतं. मुलांसाठी डीट 30 टक्क्यांच्या वर नको. टक्केवारी वाढली की परिणाम जास्त वेळ टिकतो इतकंच: 10 टक्के साधारण दोन तास, 24 ते 30 टक्के पाच तासांच्या आसपास. थेट बाळावर फवारू नका. आपल्या हातावर घेऊन उघड्या त्वचेवर हलकं पुसा. तळहात, बोटं, तोंड, डोळे वगळा, कारण हात तोंडात जातातच. घरी आल्यावर धुऊन काढा. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखाली वापरत नाहीत, आणि 'हर्बल' लेबलच्या मागे ते असू शकतं, म्हणून घटक वाचा. कपड्यावर चिकटवायच्या सुगंधी पट्ट्यांवर विसंबू नका. कापराच्या वड्या बाळाच्या आसपास नकोतच, थोडा कापूर पोटात गेला तरी झटके येऊ शकतात.

लिक्विडचं मशीन बाळ खोलीत असताना लावू नका. संध्याकाळी बाळ दुसऱ्या खोलीत असताना तासभर चालवा, बंद करा, खिडकी उघडून खोली मोकळी होऊ द्या, मग बाळाला आणा. खिडकीला जाळी असेल तर हे सोपं जातं. कॉइल तर अजिबात नको, तिचा धूर बंद खोलीत या वयाच्या फुफ्फुसांना फार जड. घरातल्या आजींचा धुरीचा आग्रह असेल तर त्यांना सांगा की धुरी बाळ दुसऱ्या खोलीत असताना द्या आणि धूर पूर्ण गेल्यावर बाळाला आणा. बहुतेक आजी ऐकतात, त्यांनाही डास नकोच असतात. पंखा मात्र जरूर लावा, थेट बाळाच्या अंगावर नव्हे. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

आणि बाळाचा ताप 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त झाला तर चट्टे असोत-नसोत, त्याच वेळी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. तीन महिन्यांखाली तापाचं औषध घरी देऊन वाट बघायची नसते.