गोव्यातल्या फळ्यावरची ही 'अशुद्ध मराठी' नक्की काय सांगते?

«मी गोव्यात भाड्याने राहतो. बिल्डिंगच्या जिन्याखाली फळ्यावर खडूने लिहिलं होतं, त्याचा फोटो काढला: 'फाल्यां सकाळीं उदक येवचें ना. टांकी धुवपाची आसा. आयज सांठोवन दवरात.' मराठी आहे पण अशुद्ध, असं वाटलं. सकाळी पाणी येणार ना, असाच अर्थ लागला. बरोबर ना?»

नाही, अगदी उलटा अर्थ आहे. उद्या सकाळी पाणी येणार नाही, टाकी धुवायची आहे, आज भरून ठेवा. ही कोंकणी आहे आणि कोंकणी म्हणून त्यात एकही चूक नाही.

तुमचं वाचन कुठे घसरलं ते पाहण्यासारखं आहे, कारण मराठी वाचणारे बहुतेक जण त्याच जागी घसरतात. 'सकाळीं' आणि 'टांकी' हे शब्द ओळखीचे. 'उदक' आपल्याला पूजेमुळे माहीत असतं, त्यामुळे कुणीतरी जरा सोवळ्यात मराठी लिहिलंय असं वाटतं. 'येवचें' पाहिलं की डोळा 'यायचं' वाचून मोकळा होतो. नामं आणि धातू ओळखीचे निघाले की उरलेले बारीकसारीक तुकडे आपण वाचतच नाही, आपल्या मनाने भरतो. लिपी परकी असती तर आपण थांबलो असतो. इथे थांबायचं कारणच दिसत नाही.

आणि अर्थ तर त्या बारीक तुकड्यांतच आहे. मराठीत वाक्याच्या शेवटी सुटा 'ना' आला की तो समोरच्याकडून होकार मागतो: 'येणार ना?' कोंकणीत शेवटचा 'ना' म्हणजे सरळ नकार. 'उदक आसा' म्हणजे पाणी आहे, 'उदक ना' म्हणजे पाणी नाही. 'येवचें ना' हा भविष्यातला नकार झाला. पुल्लिंगी कर्ता असेल तर 'येवचो ना', स्त्रीलिंगी असेल तर 'येवची ना'. भूतकाळात तो 'येवंक ना' होतो, म्हणजे आला नाही. 'बस येवंक ना' हे आपल्या डोळ्यांना 'बस यायला हवी ना' असं काहीतरी दिसतं, आणि माणूस थांब्यावर उभा राहतो. गंमत म्हणजे 'येईना', 'करीना' असा जोडलेला नकार मराठीतही आहे, तो आपण बरोबर वाचतो. सुटा 'ना' मात्र गोत्यात आणतो.

अशीच आणखी एक जोडी लक्षात ठेवा, फळ्यांवर ती बऱ्याचदा भेटेल. कोंकणीत 'जाता' म्हणजे होतं, घडतं. जाण्यासाठी 'वता' आहे. त्यामुळे 'काम जाता' असं लिहिलेलं दिसलं तर काम चालू आहे, कुठे निघालेलं नाही. 'जाय' म्हणजे हवं आणि 'नाका' म्हणजे नको. 'नाका' पाहून चौक किंवा चौकी शोधत बसू नका.

आता पुढच्या फोटोत कोंकणी ओळखायची कशी? बरेच जण अनुस्वारांकडे बोट दाखवतात: 'सकाळीं', 'फाल्यां', 'येवचें'. ही खूण मला तितकी भरवशाची वाटत नाही. मराठीतही 1962 च्या लेखननियमांपर्यंत 'घरीं', 'कांहीं', 'तें' असंच लिहीत असत. जुन्या देवळावरची किंवा धर्मशाळेवरची पाटी अनुस्वारांनी भरलेली असेल आणि तरी ती शंभर टक्के मराठी असेल. 'ळ' बघून मराठी ठरवणंही फसवं आहे, कोंकणीत तो पावलोपावली येतो. 'रस्तो', 'घोडो' यांतला ओकार उपयोगी आहे, पण तो मालवणीतही आहे. 'आसा' मालवणीतही ऐकू येतं. (मालवणी मराठीची बोली की कोंकणीची, या वादात मी इथे पडत नाही.)

मी आधी क्रियापदाच्या शेपटीकडे बघतो. तुमच्या फळ्यावरचं 'धुवपाची' घ्या. मराठीतल्या 'धुणे', 'करणे', 'बोलणे' यांच्या जागी गोव्यातल्या कोंकणीत 'धुवप', 'करप', 'उलोवप' येतं. त्याला पुढे प्रत्यय लागून 'धुवपाची आसा' म्हणजे धुवायची आहे, 'दवरपाक बंदी आसा' म्हणजे ठेवायला बंदी आहे. मराठीत 'वाटप', 'कांडप' अशी काही नामं आहेत, म्हणून एकट्या 'प'वर जाऊ नका. पण '-पाक', '-पाची', '-पाचें' अशी शेपूट असलेलं क्रियापद दिसलं की मराठीचा प्रश्न मिटला. 'दवरात' हीसुद्धा शेपटीचीच गोष्ट आहे. 'दवर' म्हणजे ठेव, 'दवरात' म्हणजे ठेवा. घाईत वाचलं तर त्यात 'रात' दिसते आणि पाणी रात्री येणार अशी नवीच अफवा जन्माला येते.

फोटोत आणखी एक अडचण असते, ती खडूची आणि धुळीची. 'तो करता' म्हणजे तो करतो, 'हांव करतां' म्हणजे मी करतो. फरक एका टिंबाचा. कर्ता लिहिलेला नसेल आणि फोटोत टिंब पुसट असेल, तर कोण करतंय ते फोटोवरून सांगता येत नाही. म्हणून असा फळा टिपताना जवळून, सरळ समोरून घ्या, आणि टिंब खरंच नाही की खडू उडालाय ते तिथेच बघून घ्या.

जागेवरूनही भाषा ठरत नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, पण त्याच कायद्यात मराठीच्या वापराचीही सोय आहे. तिथे मराठी वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं चालतात आणि कित्येक देवळांतले फलक मराठीत असतात. तुमच्याच जिन्याखाली उद्या कुणी मराठीत सूचना लावली तर नवल नाही. उलट कोंकणी नेहमी देवनागरीतच असते असंही नाही, ती रोमी लिपीत आणि कर्नाटकात कन्नड लिपीतही लिहितात. संगणकाला तर मराठी, कोंकणी, हिंदी, नेपाळी यांची अक्षरं एकाच देवनागरी संचातून मिळतात, अक्षरावर भाषेचा शिक्का नसतो. फोनला भाषा मराठी सांगून ठेवलीत तर तो 'येवचें'खाली लाल रेघ मारणारच, त्यावरून ते अशुद्ध ठरत नाही.

काही फोटोंचा निकाल मात्र लागतच नाही. पाटीवर फक्त 'मडगांव' किंवा 'वास्को' असेल तर ती कुठल्या भाषेतली हे सांगता येणार नाही. 'म्हापसा' आणि 'फोंडा' असेल तर बहुधा मराठी, 'म्हापशें' आणि 'फोंडें' असेल तर कोंकणी. निव्वळ नामांच्या पाटीवर याहून जास्त ताणू नये. पूर्ण वाक्य असलेला फोटो असेल तर टाका, बघू.