गाउटचा पथ्याचा कागद: नक्की काय बंद करायचं?

प्रश्न: बाबांना गाउट निघालाय. डॉक्टरांनी कागद दिलाय त्यात डाळ, पालक, मटण, बिअर सगळंच 'कमी करा' असं लिहिलंय. नक्की काय बंद करू? आणि रात्री परत अंगठा ठणकायला लागला तर घरी काय करायचं?

मी ओपीडीत डाएटिशियन आहे, असले कागद रोज देते. कागदाची अडचण ही की सगळं एकाच रांगेत छापलेलं असतं, मग लोक सगळ्यात सोपं असतं ते आधी बंद करतात, म्हणजे डाळ आणि पालक. गाउट म्हणजे यूरिक ॲसिड वाढून सांध्यात साचणं, आणि शरीरात ज्याचं यूरिक ॲसिड बनतं ते प्युरिन. डाळ, राजमा, पालक, मशरूम यांच्यात प्युरिन असतं हे खरं, पण मोठ्या पाहण्यांत भाजी-कडधान्यातल्या प्युरिनमुळे गाउट वाढल्याचं दिसलं नाही, मांस-मासळीमुळे मात्र दिसलं. त्यामुळे बाबांचं वरण चालू ठेवा (किडनी खराब असेल तर डाळीचा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांना विचारा).

खरा हात आखडायचा तो कलेजी, भेजा, गुर्दा यांच्यावर, हे बंदच. मग तारली, मांदेली, सुकं बोंबील-सुकट, आणि मटण. मटणाचं एक लक्षात घ्या, शिजवताना प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणून 'मी फोडी नाही खात, फक्त अळणी पाणी पितो' किंवा पायाचं सूप पितो म्हणणाऱ्यांचा फायदा शून्य. मटण खायचंच तर कधीतरी, दोन-तीन फोडी, रस्सा बाजूला. चिकन थोडं चालतं, अंडी आणि दूध-दही-ताक बिनधास्त, उलट कमी फॅटचं दूध-दही मदतच करतं.

पिण्यात बिअर सगळ्यात वाईट, कारण दारू तर आहेच वर तिच्यात स्वतःचं प्युरिनही असतं. व्हिस्की म्हणजे सुटका असं नाही हां, गाउटचा अटॅक तिनेही येतो. आणि जी गोष्ट बरेच लोक कागदावर वाचूनही सोडून देतात ती म्हणजे कोल्ड्रिंक आणि पॅकेटचा ज्यूस. त्यातलं फ्रुक्टोज लिव्हरमध्ये मोडताना यूरिक ॲसिड तयार होतं. माझ्याकडे एक काका यायचे, पन्नाशीचे, डाळ-टोमॅटो-पालक सगळं सोडलेलं, बिअरही सोडलेली, तरी गटारीनंतर अटॅक आला म्हणून वैतागलेले. खोदून विचारलं तर बिअरच्या जागी रोज संध्याकाळी आंब्याच्या ज्यूसचे दोन ग्लास, गटारीला कलेजी, आणि बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, जे लघवीतून यूरिक ॲसिड बाहेर जाऊ देत नाही. ज्यूस बंद केला, गोळी त्यांच्या डॉक्टरांनी बदलली, आणि वरण परत ताटात आलं. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची नावं तुम्हीही डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून बंद करू नका.

आता रात्री ठणका लागला तर. पाय उशीवर उंच, चादरसुद्धा लागू देऊ नका, बर्फ फडक्यात गुंडाळून वीसेक मिनिटं, थांबून परत. गरम पाण्याचा शेक आणि तेल लावून चोळणं नको, आपल्याकडे पहिला हात तिकडेच जातो. पाणी भरपूर, हार्टचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर. गोळी अटॅक सुरू झाल्यावर जितकी लवकर तितकी बरी, म्हणून बरं वाटत असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या की कोणती, किती. कोल्चिसिन असेल तर साधारण अर्ध्या मिलीग्रॅमच्या दोन गोळ्या, मग तासाभराने एक, पहिल्या दिवशी एवढंच. पूर्वी जुलाब होईपर्यंत दर तासाला देत, ते आता कोणी करत नाही, तसं करू नका. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर कोल्चिसिन धोक्याचं. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर नेप्रोक्सेनसारख्या पेनकिलर घेऊ नका, तेव्हा डॉक्टर स्टिरॉइडचा छोटा कोर्स देतात.

ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट, म्हणजे यूरिक ॲसिड कमी करायची रोजची गोळी, आधीपासून चालू असेल तर अटॅकमध्येही चालूच ठेवा, बंद-चालू केलं की पातळी हलते आणि दुखणं लांबतं. चालू नसेल तर भर अटॅकमध्ये मनाने सुरू करू नका, ते डॉक्टरांवर सोडा.

ताप, थंडी भरून आली किंवा सांधा पहिल्यांदाच असा सुजलाय तर घरी बर्फ लावत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, सांध्यात इन्फेक्शन असलं तरी दिसतं असंच. आणि अटॅकमध्ये केलेला यूरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाउट नाही असं समजू नका, तेव्हा पातळी खाली उतरलेली असू शकते. दोन-तीन आठवड्यांनी परत करा. पथ्याने आकडा साधारण एखाद्या पॉइंटनेच खाली येतो, त्यामुळे तो साडेआठ-नऊ असेल आणि वर्षात दोनदा अटॅक आले असतील, तर सहाच्या खाली आणायला रोजची गोळी लागेल का हे डॉक्टरांना सरळ विचारा.