मॅरेथॉनच्या अंदाजित वेळेभोवती टक्क्यांचा पट्टा कसा आखावा?

प्रश्न: माझी हाफ मॅरेथॉनची वेळ १:५०:०० आहे. कॅल्क्युलेटर पूर्ण मॅरेथॉनसाठी ३:४९ दाखवतो. यात अधिक-उणे किती टक्के धरू आणि घरच्यांना कोणती वेळ सांगू?

उत्तर:

उणे बाजूला २ टक्के आणि अधिक बाजूला ५ टक्के धरा. ३० किलोमीटरच्या आसपासचे लांब सराव तीन-चार वेळा झालेले नसतील, तर अधिक बाजू ८ टक्क्यांपर्यंत न्या. दोन्ही बाजू सारख्या ठेवणे मला चुकीचे वाटते, आणि त्याचे कारण कॅल्क्युलेटरच्या सूत्रातच आहे.

बहुतेक कॅल्क्युलेटर अमेरिकी अभियंता पीटर रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेले सूत्र वापरतात:

```
T2 = T1 × (D2 / D1)^1.06
```

यात T1 आणि D1 ही आधी धावलेल्या शर्यतीची वेळ आणि अंतर, तर T2 आणि D2 ही नव्या शर्यतीची. अंतर दुप्पट झाले की या सूत्राने वेळ सुमारे २.०८५ पट होतो, म्हणून तुमच्या ११० मिनिटांचे ३:४९:२० होतात. यातला १.०६ हा घातांक, अंतर वाढल्यावर तुमचा वेग किती घसरतो हे सांगतो, आणि लांब पल्ल्याचा सराव कमी असलेल्या धावपटूचा घातांक याहून मोठा असतो. तुमचा घातांक प्रत्यक्षात १.०८ असेल तर वेळ १.४ टक्क्यांनी वाढतो, आणि १.१५ असेल तर सुमारे ६.४ टक्क्यांनी. उलट दिशेने इतकी मोकळीक नसते, कारण घातांक १ च्या जवळ नेणे म्हणजे हाफच्या वेगानेच पूर्ण मॅरेथॉन धावणे. म्हणून चूक व्हायची असेल तर ती बहुधा उशिराच्या बाजूने होते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट कळते, जी मला फार उपयोगी वाटते. अंदाज हाफवरून न काढता १० किलोमीटरवरून काढला, तर घातांकातल्या तेवढ्याच चुकीचा परिणाम जवळपास दुप्पट होतो, १.४ टक्क्यांऐवजी २.९ टक्के. म्हणून १० किलोमीटरच्या वेळेवरून पट्टा आखणाऱ्याने तो दोन्ही बाजूंनी दुप्पट रुंद करावा.

आता तुमचा हिशेब. ३:४९:२० म्हणजे १३,७६० सेकंद, म्हणून १ टक्का म्हणजे सुमारे २ मिनिटे १८ सेकंद. उणे २ टक्क्यांनी ३:४४:४५, अधिक ५ टक्क्यांनी ४:००:४८ आणि अधिक ८ टक्क्यांनी ४:०७:४१ येतात. टक्के काढण्याआधी वेळ सेकंदांत किंवा मिनिटांत बदलून घेणे आवश्यक आहे. सुरुवातीला मी स्वतः ३:४९ ला ३.४९ तास समजून १.०५ ने गुणले होते. उत्तर ३.६६ तास आले, म्हणजे साधारण ३:४०. अधिक ५ टक्के करूनही वेळ मूळ अंदाजापेक्षा कमी निघाला, तेव्हा चूक लक्षात आली.

५ टक्के कागदावर थोडे वाटतात, पण ते शर्यतीत समान वाटून येत नाहीत. ३:४९ चा वेग म्हणजे किलोमीटरला ५:२६. या वेगाने ३० किलोमीटर २:४३:०० मध्ये पार केले आणि मग थकवा आला, तर ४:००:४८ ला पोहोचण्यासाठी उरलेले १२.१९५ किलोमीटर ६:२३ च्या वेगाने धावावे लागतात. म्हणजे शेवटच्या टप्प्यात वेग किलोमीटरमागे जवळपास एका मिनिटाने मंदावला, तरी एकूण वेळेत फक्त ५ टक्क्यांची भर पडते. अशी घसरण पहिल्या मॅरेथॉनमध्ये पुष्कळांच्या वाट्याला येते, म्हणून पट्ट्याचे वरचे टोक हा वाईट दिवस नसून अगदी शक्य असलेला निकाल आहे. मी तुमच्या जागी असतो, तर पहिले काही किलोमीटर ५:२६ ऐवजी ५:३० ते ५:३५ ने धावलो असतो.

त्या ५ टक्क्यांतला साधारण १ टक्का तर केवळ मार्गावर खर्च होऊ शकतो. अधिकृत अंतर मार्गावरील सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले असते, तर वळणे आणि गर्दी यांमुळे आपण ४२.६ किलोमीटर धावून जातो. त्या ४०० मीटरांना ५:२६ च्या वेगाने सुमारे दोन मिनिटे दहा सेकंद लागतात.

ऊन किंवा चढ मात्र टक्क्यांच्या पट्ट्यात कोंबू नका. ते आधी माहीत असतात, म्हणून त्यांच्यासाठी मधला आकडाच पुढे सरकवा आणि मग त्याभोवती −२ आणि +५ लावा.

घरच्यांना ३:४५ ते ४:०१ असे सांगा, पण ती मिनिटे तुम्ही आरंभरेषा ओलांडल्यापासूनची आहेत हेही सांगा. मागच्या गटातून निघताना रेषेपर्यंत पोहोचायला दहा मिनिटे लागली, तर त्यांच्या घड्याळात सगळा पट्टा तेवढाच पुढे जाईल.