चौदा मागितले, पाच मिळाले: रजेच्या अर्जाला पुन्हा उत्तर कसं द्यावं

"मी रजा मागितली, साहेबांनी अर्धीच मंजूर केली. तीही मला हव्या त्या दिवसांत नाही. परत लिहिलं तर उद्धटपणा वाटेल, गप्प बसलो तर घरचं काम बुडेल. काय करू?"

हाच पेच घेऊन मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक तरुण माझ्याकडे नांदेडला आला होता. त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, त्याची हकिगत सांगतो. तो परभणीच्या एका शासकीय कार्यालयात लेखा शाखेत लिपिक. घर वसमत तालुक्यात, तीन एकर हळद. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, वजन उचलायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. त्याने 11 ते 24 मार्च अशी 14 दिवसांची अर्जित रजा मागितली होती. अर्ज परत आला तो "मार्चअखेर असल्याने 11 ते 15 फक्त" या शेऱ्यासह.

"सर, आता काय बोलावं तेच कळंना. बाबा एकटे काय करतेत?" असं म्हणत त्याने मोबाईल पुढे केला. उत्तराचा मसुदा तयार होता. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावरच्याला वीस दिवस दिले होते, माझ्याच वेळी नियम का आठवतात, हा आशय. त्यातला राग मला समजत होता. पण तो मसुदा वाचून साहेबांनी करायचं काय? त्यात हो म्हणता येईल अशी एकही गोष्ट नव्हती. होती ती फक्त स्वतःचा बचाव करायची वेळ.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि हळदीबद्दल विचारलं. चौदा दिवसांत नेमकं काय काय होतं? तो बोटावर मोजत गेला. काढणी 10 तारखेपासून, ती मजूर करतात. भाड्याचा कुकर 14 ला दुपारी येणार, शिजवणं 18 पर्यंत चालणार. त्या वेळी घरचं माणूस लागतंच, कारण कच्ची उतरली की वाळत नाही आणि जास्त शिजली की रंग जातो. मग पंधरा-एक दिवस वाळवण. कांडी मोडल्यावर खटकन आवाज आला की वाळली. वाळवणाकडे चुलतभाऊ लक्ष देणार होता. पुढे पॉलिश, त्याला पुन्हा हा हवा.

म्हणजे त्याला सलग चौदा दिवस नको होते. मार्चचे पाच आणि एप्रिलचे तीन, इतकेच हवे होते. आणि मंजूर झालेल्या पाचातले पहिले तीन दिवस कुकर यायच्या आधीचे, म्हणजे वाया जाणारे. हे त्याने साहेबांना सांगितलंच नव्हतं. अर्जात कारण एका शब्दाचं होतं: "घरगुती". मग साहेबांनी आपल्या अंदाजाने पहिले पाच दिवस दिले, यात त्यांचा तरी काय दोष?

आता दुसरी बाजू. शेऱ्यातलं "मार्चअखेर" हे निमित्त नव्हतं. 31 मार्चपर्यंत देयकं कोषागारातून पारित झाली नाहीत तर अनुदान व्यपगत होतं, म्हणजे न वापरता परत जातं, आणि त्याचा जाब साहेबांनाच द्यावा लागतो. त्याच्या टेबलावर अकरा देयकं होती. साहेबांची खरी भीती एकच: कोषागाराने एखादं देयक आक्षेप लावून परत पाठवलं आणि हा शेतात असला तर? उत्तराला ही भीती धरूनच लिहायला हवं होतं.

मी त्याला तीन कामं देऊन परत पाठवलं. अकरापैकी किती देयकं 13 च्या संध्याकाळपर्यंत कोषागारात जातील ते मोजायचं. सहकाऱ्याला प्रत्यक्ष विचारायचं, न विचारता त्याचं नाव लिहायचं नाही. आणि कुकरवाल्याकडून तारीख पक्की करून घ्यायची. सहकाऱ्याचं नाव परस्पर टाकल्याने बिघडलेले दोन अर्ज मी पाहिले आहेत. साहेबांनी त्याला बोलावलं, तो म्हणाला "मला तर काहीच माहीत नाही", आणि रजेसोबत विश्वासही गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसून हे लिहिलं:

"मा. महोदय, आपण 11 ते 15 मार्च अशी 5 दिवसांची रजा मंजूर केली, त्याबद्दल आभारी आहे. मार्चअखेरच्या कामाची निकड मला मान्य आहे. वडिलांची शस्त्रक्रिया झाली असून आमच्या शेतातील हळद शिजवण्याचे काम 14 ते 18 मार्च या काळात आहे. तरी मंजूर 5 दिवस 11 ते 15 ऐवजी 14 ते 18 मार्च असे बदलून मिळावेत, ही विनंती. यात कामाचे तीनच दिवस येतात. माझ्याकडील 11 देयकांपैकी 8 देयके 13 मार्चपर्यंत कोषागारात सादर करतो. उरलेली 3 देयके 19 ला हजर झाल्यावर लगेच सादर करीन. दरम्यान आक्षेप आल्यास श्री. ... यांनी पूर्तता करण्याचे मान्य केले आहे. मूळ अर्जातील उर्वरित दिवसांची मागणी मी मागे घेत आहे. त्याऐवजी 3 ते 5 एप्रिल अशी 3 दिवसांची रजा व पुढील शनिवार-रविवार जोडून घेण्याची परवानगी मिळावी. निर्णय 8 मार्चपर्यंत कळल्यास कामाची वाटणी करणे सोपे जाईल."

हिशेब पाहा. चौदावरून आठवर आला, मधला शनिवार-रविवार रजेत मोजला जाणार हेही मान्य केलं, आणि तरी हळदीचे सगळे दिवस मागणीत आले.

लिहिताना दोन ठिकाणी अडलो. त्याला वाटत होतं, दोन किरकोळ रजा पुढे जोडू. पण किरकोळ रजा अर्जित रजेला जोडता येत नाही. मग म्हणाला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणू का? मी स्पष्ट नाही म्हटलं. खरं कारण इतकं भक्कम असताना खोटं कशाला? आणि ते उघडं पडलं तर पुढची प्रत्येक खरी विनंतीही संशयाने वाचली जाते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, निकड असेल तर अधिकारी ती नाकारू शकतो. मात्र मागितलेल्या रजेचा प्रकार तो कर्मचाऱ्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलू शकत नाही. नकार आल्यावर घाईघाईत आपणच प्रकार बदलून मागतो, ते म्हणूनच जपून करावं.

त्याला आणखी दोन पर्याय लिहायचे होते. मी एकच ठेवायला लावला. तीन पर्याय दिले की सगळ्यांत लहान मंजूर होतो, आणि खरी गरज कुठली होती ते साहेबांना कळतच नाही.

साहेबांनी त्याला बोलावलं. उरलेल्या तीन देयकांबद्दल विचारलं, सहकाऱ्यालाही समोर बोलावून खात्री केली आणि 14 ते 18 मंजूर केली. एप्रिलच्या दिवसांपुढे लिहिलं, "त्या वेळी पाहू". हा पुन्हा घाबरला. मी त्याला सांगितलं, याला नकार समजू नको आणि मंजुरीही समजू नको. "पाहू" म्हणजे रजा मिळाली असं धरून गेलास तर ती अनधिकृत गैरहजेरी ठरेल. 1 एप्रिलला दोन ओळींचा नवा अर्ज दे, आधीच्या अर्जाची प्रत जोड, आणि अकराही देयकं पारित झाल्याचं पहिल्याच ओळीत लिही.

त्याने तसंच केलं. 4 आणि 5 एप्रिल मंजूर झाले, 3 तारखेला एक बैठक होती. शनिवार-रविवार धरून चार दिवस हातात आले. पॉलिशचा ड्रम त्याने गुरुवारी सकाळी लावला. रविवारी रात्री फोन आला, मागून पोती शिवल्याचा आवाज येत होता. वडील बाजेवर बसून पोती मोजत होते म्हणे.