विरारच्या १० बाय १२ च्या खोलीत कूलर की एसी?

प्रश्न: आम्ही विरारला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर अजून दोन मजले आहेत. झोपायची खोली १० बाय १२. मे महिन्यात रात्री झोप लागत नाही. सासरे म्हणतात, कूलर घ्या, एसीचं बिल परवडणार नाही. सध्या उन्हाळ्यात महिन्याला १७० युनिट पडतात. कूलरने खरंच गारवा येतो का, आणि बिलात नेमका किती फरक पडेल?

उत्तर:

तुमचे सासरे खानदेश-विदर्भाकडचे असतील तर त्यांचं म्हणणं त्यांच्या गावापुरतं शंभर टक्के खरं आहे. मी अकोल्याचा. आमच्या घरात मागच्या खिडकीला लोखंडी कूलर असायचा, तिन्ही बाजूंना खसच्या ताट्या, आणि मे महिन्यात भर दुपारी त्याच्यासमोर झोपलं की पायावर चादर घ्यावी लागायची. नोकरीसाठी अलिबागला आलो तेव्हा त्याच विश्वासाने पहिल्याच उन्हाळ्यात मोठा डेझर्ट कूलर घेतला. आठवड्याभरात डब्यातले पापड सादळले, मिठाला पाणी सुटलं आणि आम्ही दोघं पहाटे तीनला गॅलरीत उभे. कूलरमध्ये बिघाड काहीच नव्हता. हवा वेगळी होती, एवढंच.

कूलर पाणी उडवून हवा गार करतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते. पण हवेत आधीच वाफ भरलेली असेल तर आणखी वाफ मावत नाही. थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्याखाली धरला तर पारा जिथपर्यंत उतरतो, ती कूलरची शेवटची पायरी. त्याखाली कुठलाच कूलर जाऊ शकत नाही, मग तो पाच हजारांचा असो की पंधरा हजारांचा. चांगल्या जाळीचा कूलरसुद्धा कोरड्या आणि ओल्या आकड्यातलं अंतर साधारण ८० टक्केच कापतो.

आता अकोला-नागपूरची मेची दुपार धरा. ४४ अंश तापमान, आर्द्रता १५ टक्के. तिथे ओल्या कापसाचा आकडा २३ च्या आसपास येतो. अंतर २१, त्याचे ८० टक्के म्हणजे जवळपास १७. कूलरमधून २७ अंशांची हवा बाहेर पडते. म्हणून ती चादर. तुमच्याकडे मेमध्ये ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर ओला आकडा २८ च्या जरा वर थांबतो. अंतर साडेचारचं. म्हणजे कूलरमधून येणारी हवा २९ च्या वरच असते, आणि तिच्यात आर्द्रता नव्वदच्या पुढे गेलेली असते. तापमान साडेतीन अंशांनी उतरलं, पण अंगावरचा घाम वाळायची सोयच गेली. गार वाटण्यासाठी घाम वाळावा लागतो, त्यामुळे काट्यावर दिसणारा तो फायदा अंगाला लागत नाही.

आणि हा हिशेबही खिडक्या-दारं उघडी असतानाचा आहे. बहुतेक लोक इथेच चुकतात. कूलर खोलीच्या आत ठेवायचा आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घ्यायचं. तुमच्या खोलीत, उंची ९ फूट धरली तर, साधारण ३० घनमीटर हवा मावते. वरच्या हवामानात ती सगळी हवा भिजून चिंब व्हायला फक्त ८० ग्रॅम पाणी पुरतं. अर्धा कप चहा! मोठा कूलर तेवढं पाणी काही मिनिटांत हवेत टाकतो. त्यानंतर टाकीत कितीही पाणी घाला, अगदी बर्फ टाका (मी टाकलाय, पंधरा मिनिटांची मजा), उरतो तो फक्त आवाज करणारा पंखा. वर दोन माणसांच्या अंगाची उष्णता आणि दिवसभर तापलेल्या भिंती आहेतच. कूलर खिडकीला बाहेरून बसवला आणि समोरचं दार उघडं ठेवलं तरच तो निदान २९-३० अंशांवर टिकतो. त्यात डास आले, आणि तिसऱ्या मजल्यावर सोसायटी बाहेर लोखंडी चौकट बसवू देईल का हा वेगळा प्रश्न.

एसीचं काम उलटं चालतं. तो हवेतलं पाणी काढून घेतो. गार कॉइलवर वाफ धरते, थेंब होतात आणि नळीतून बाहेर जातात. मी कुतूहल म्हणून एका रात्री ती नळी बादलीत सोडून बघितली. सकाळी साडेतीन लिटरच्या आसपास पाणी जमलं होतं. गंमत अशी की खोलीतल्या हवेतून एकदाच काढायचं पाणी पाव ते अर्ध्या लिटरच्या मधलंच असतं. बाकीचं रात्रभर दाराच्या फटीतून येणारी हवा आणि आपला श्वास-घाम यातून येतं. म्हणून दाराखाली फट असेल तर कापडाची गुंडाळी लावा, तेवढ्यानेही कॉम्प्रेसरचं काम कमी होतं.

याचाच परिणाम म्हणजे दमट हवेत एसी २६-२७ वर ठेवला तरी बरं वाटतं. २६ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेच्या हवेत बाहेरच्या हवेच्या जेमतेम निम्मं पाणी असतं. घाम लगेच वाळतो. १८-२० वर लावून पांघरूण ओढणारे लोक पैसे जाळतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी चालू केल्यावर आपोआप २४ वर सुरू होतात, तेही याच कारणासाठी.

आता पैसे. माझा डेझर्ट कूलर पंपासकट १९० वॅट घ्यायचा. रात्री ८ तास म्हणजे दीड युनिट, महिन्याला ४५. अलिबागच्या खोलीत आता एक टनी, पाच तारे, इन्व्हर्टर एसी आहे. खोली तुमच्याएवढीच. त्याच्यावर मी छोटा वीजमीटर लावून ठेवलाय. पहिल्या तासात तो एक युनिटच्या जरा खाली घेतो, मग खोली थंड झाली की तासाला अर्ध्या युनिटच्याही खाली येतो. २६ वर ठेवून ८ तासांचे सरासरी ४.२ युनिट पडतात, महिन्याला १२६. जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी असता तर याहून बराच जास्त पडला असता, तेव्हा कोणाकडून वापरलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

दर मी सोयीसाठी सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये मांडतो, तुम्ही तुमच्या बिलावरचा घाला. कूलर महिन्याला ५४० रुपये, एसी १५१२. फरक हजाराच्या आत, रोजचे ३२ रुपये. पण बिलाचे टप्पे विसरू नका. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. तुमचे १७० युनिट आहेत, त्यात एसीचे १२६ मिळवले की २९६. अगदी काठावर, पण ३०० च्या आत. म्हणजे एसीचं प्रत्येक युनिट तुम्हाला दुसऱ्या टप्प्याच्याच दराने पडेल. मुलांना सुट्टी म्हणून दुपारी रोज दोन तास लावलात तर ओलांडाल, आणि ३०० च्या वरचं युनिट बरंच महाग आहे. मात्र तो वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की आमच्या शेजारी महिनाअखेरीला लोक फ्रिज बंद करतात.

एसी २७ वर आणि छताचा पंखा मंद, असं केलं की माझ्याकडे रात्रीचे साडेतीन युनिट पडतात. तुम्ही हेच करा, २९६ चे पावणेतीनशे होतील.

कूलरचे ते ५४० रुपये स्वस्त वाटतात, पण त्यांची तुलना एसीशी करण्यात अर्थ नाही, कारण कूलर इथे एसीचं काम करतच नाही. तो पंख्याचं काम करतो. नवा बीएलडीसी छताचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, रात्रीचं पाव युनिट. तेव्हा एसी आत्ता जमत नसेल तर कूलरऐवजी तसा एक पंखा आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा दुसरा लावा. बाकी रक्कम एसीसाठी ठेवा. कूलर सात-आठ हजारांत येतो आणि एसी पस्तीसच्या घरात जातो, हा फरक खराच आहे, तो बिलाच्या हिशेबात लपवून उपयोग नाही.

टन मात्र वाढवू नका. दुकानदार दीड टन गळ्यात मारतात. मधल्या मजल्यावरच्या १२० चौरस फुटांना एक टन पुरतो. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन थंड करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. खोली गार पण चादर ओलसर लागली तर समजा हेच चाललंय. तेव्हा आतल्या पंख्याचा वेग कमी करून बघा. जुलैमध्ये तापमान २७-२८ आणि हवा चिंब असते तेव्हा ड्राय मोड बरा. मेच्या उकाड्यात तो अपुरा पडतो.

कूलर कोकणात कधीच चालत नाही असंही नाही. माझे एक मित्र बदलापूरला राहतात. एप्रिलच्या दुपारी पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की तिथे ४० अंश आणि ३० टक्के असतं, मग कूलर २९ ची हवा देतो आणि ते खुश असतात. रात्री आर्द्रता चढली की तेही तो बंद करतात. तुमची अडचण रात्रीची आहे, आणि समुद्र जवळ.

सासऱ्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला सांगू नका. काचेच्या नळीचा साधा हवेचा थर्मामीटर आणा (तापाचा नको), आज रात्री दहा वाजता एकदा कोरडा आकडा लिहा, मग टोकाला ओला कापूस गुंडाळून पाच मिनिटं पंख्याखाली धरा आणि दुसरा लिहा. दोन्हींत दहा अंशांचं अंतर आलं तर उद्याच कूलर आणा. माझ्याकडे मेमध्ये रात्री तीनच आलं होतं.